शोकाच्या दिवशी मंडळाच्या जाहिराती

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा मृत्यू झाला. संक्रांत नुकतीच झाली होती. हळदीकुंकवाचे दिवस. अशा दिवसांत आपल्या मंडळांच्या फेसबुक पानांवर आठ-दहा दिवसांच्या जाहिराती आधीच वेळ लावून ठेवलेल्या असतात. त्या आपोआप लागतात. गावात काय घडले ते यंत्राला कळत नाही.

अशा वेळी पहिल्या तासातच सगळ्या रांगेला थांबवावे, विचार मागाहून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. Planner मध्ये जाऊन प्रत्येक जाहिरात मसुदा म्हणून ठेवता येते, पुसावी लागत नाही. मात्र पैसे भरून पसरवलेली जाहिरात त्या रांगेत नसते. ती Ads Manager मध्ये वेगळी बंद करावी लागते, आणि चूक होते ती बहुधा इथेच. हा अधिकार एकाच कार्यकर्त्याकडे असावा. कार्यकारिणीची बैठक बोलावीपर्यंत सकाळची जाहिरात लागून जाते.

मग एकेक तपासावी. समजा, त्या संध्याकाळी रांगेत तीन जाहिराती आहेत. पहिली मुलांच्या सहलीची, चित्रात नाव आणि पाणी. ती पुढे ढकलून भागत नाही. चित्र कायमचे काढावे आणि सहलीचाच फेरविचार करावा. दुसरी हळदीकुंकवाची, 'धमाल, खेळ, बक्षिसे' अशी. रथसप्तमीपर्यंत अवकाश असतो, म्हणून काही दिवस थांबून केवळ तारीख, वेळ व स्थळ एवढ्याच साध्या शब्दांत द्यावी. तिसरी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेची. ती अडवली तर नुकसान विद्यार्थ्याचेच, तेव्हा ती ठरल्या दिवशीच जावी. इंदूर वा ग्वाल्हेरच्या मंडळाने सगळेच बंद ठेवण्याची गरज नाही. पण नावेचे चित्र त्यांनीही काढावे.

पुन्हा केव्हा सुरू करावे, याला दिवसांचा हिशोब नाही. शोधकार्य संपले का, अंत्यसंस्कार झाले का, आपल्या सभासदांपैकी कुणाच्या घरचे मूल त्यात होते का, हे विचारावे.

रिकाम्या जागी श्रद्धांजली टाकण्याची घाई मात्र नको. आपल्याकडे इच्छुक उमेदवार हात जोडलेला स्वतःचा फोटो मोठा आणि मृतांचा उल्लेख बारीक अक्षरांत छापतात. पुरस्कर्त्याच्या नावासकट लावलेली श्रद्धांजली हीदेखील जाहिरातच.

आणि 'आता राजकारण नको' असे म्हणून प्रश्नही बंद करू पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो तलाव महापालिकेने खासगी कंत्राटदाराकडे सोपवलेला होता. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कंत्राट कुणी व कसे दिले, हे मंडळाने त्याच आठवड्यात नगरसेवकांना लेखी विचारण्यात काहीच गैर नव्हते.