एकट्या घोड्याची भेट

‘भाचा नऊ वर्षांचा झालाय, बुद्धिबळाचं वेड आहे, वाढदिवसाला काय देऊ?’ एका मावशीचा प्रश्न. तिच्यापुढे तीन पर्याय होते: डिजिटल घड्याळ, ओपनिंगचं जाडजूड पुस्तक आणि ऑनलाइन क्लासची वर्षभराची फी. तिन्ही वस्तूंना मी नावं ठेवणार नाही. पण वाढदिवसाच्या कागदात गुंडाळल्या की तिन्ही एकच गोष्ट सांगतात, ‘आता जरा मनावर घे.’

हे सांगणारे त्याच्याभोवती आधीच पुष्कळ असतात. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाचं फिडे रेटिंग दर महिन्याला नव्याने जाहीर होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी हिशेबच असा आहे की, बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरला की वीस गुण गेले. मुलगा ते विसरतो, घरचे विसरत नाहीत. तेव्हा भेट अशी हवी, जिच्यात हरायला समोर कुणी नसेल आणि तरी बुद्धिबळच असेल. माझं उत्तर म्हणजे एकटा घोडा.

पटावर फक्त घोडा ठेवायचा आणि त्याच्या अडीच घरांच्या चालीने प्रत्येक घराला एकदा, आणि एकदाच, भेट द्यायची. खेळ जुना आहे आणि आपल्याकडचाही आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकार’ या ग्रंथात एक श्लोक रचला. त्यात आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी आहेत, म्हणजे अर्धा पट. सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीने उड्या मारत वाचा, अक्षरं त्याच क्रमाने येतात! युरोपात ऑयलरसारख्या गणितज्ञाने यावर निबंध लिहिला, तो त्यानंतर नऊशे वर्षांनी.

ही भेट दुकानात तयार मिळायची नाही, घरीच जमवायची. एक ठसठशीत लाकडी घोडा घ्या. जाड पुठ्ठ्यावर दोन-दोन इंचांची घरं आखून छोटे पट करा: तीन बाय तीन, तीन बाय चार, पाच बाय पाच, सहा बाय सहा. आठ बाय आठचा त्याच्याकडे असतोच. सोबत चौसष्ट चिंचोक्यांची पुरचुंडी, चौकटीची वही आणि पेन्सिल. घोडा ज्या घरातून निघाला तिथे चिंचोका ठेवायचा, म्हणजे तिथे परत जायचं नाही हे दिसतं. वाट जमली की वहीत आकडे घालून ती उतरवायची. मोबाइलवर हाच खेळ मिळतो, पण तिथे शक्य असलेली घरं आपोआप उजळतात आणि शोधण्याचं निम्मं काम मोबाइलच करून टाकतो.

छोटे पट हवेतच. पहिल्याच दिवशी चौसष्ट घरं पुढ्यात टाकली तर पंचावन्नाच्या आसपास अडकून पोरगं कंटाळेल. तीन बाय तीनवर त्याला पहिला धक्का बसेल: मधल्या घरात घोडा कुठूनच पोहोचत नाही. कडेच्या आठ घरांतून मात्र गोल फिरता येतं. मग तीन बाय चार. पूर्ण फेरी जमेल असा सर्वांत लहान आयत हाच. तीन आडव्या ओळी, प्रत्येकीत चार घरं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघालं तर एक वाट अशी उतरते:

१ ४ ७ १०
८ ११ २ ५
३ ६ ९ १२

वरची ओळ तीन-तीनने वाढते, खालची तर तीनचा पाढाच आहे. हे आपण दाखवायचं नाही. वहीत आकडे लिहिताना ते पोराला दिसेलच आणि दिसलं की ते सगळ्या घराला ऐकवलं जाईल.

याच पटावर आणखी एक गंमत दडलेली आहे. मधल्या दोन उभ्या रांगांतल्या कुठल्याही घरातून सुरुवात केली की बारा घरं कधीच पूर्ण होत नाहीत. अगदी डावीकडच्या किंवा उजवीकडच्या रांगेतून केली, तरच होतात. कारण असं की, घोड्याच्या वाटा जोडून पाहिल्या तर या बारा घरांची सहा-सहाची दोन वर्तुळं होतात आणि त्यांच्यामध्ये दोनच पूल आहेत. पहिलं वर्तुळ पुरं करून बरोबर पुलाशी यावं लागतं. नाहीतर मागे घरं राहून जातात. पोराला ‘वर्तुळ’ आणि ‘पूल’ हे शब्द सुचणार नाहीत कदाचित, पण ‘इथून सुरू केलं तर होतच नाही’ हे तो स्वतः म्हणेल.

पाच बाय पाचवर कारण निराळं. पुठ्ठ्यावर काळी-पांढरी घरं रंगवली तर कोपऱ्यांच्या रंगाची तेरा होतात, दुसऱ्या रंगाची बारा. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो. म्हणून पंचवीस घरांच्या फेरीची सुरुवातही तेरावाल्या रंगावर हवी आणि शेवटही. दुसऱ्या रंगावरून निघालेल्या माणसाने रात्रभर डोकं खाजवलं तरी ती पूर्ण होणार नाही. नवव्या वर्षी मूल बुद्धिबळात ‘जमलं नाही’ एवढंच शिकतं. ‘जमणं शक्यच नाही, आणि का ते मला माहीत आहे’ हा अनुभव डावात क्वचित येतो.

मोठ्या पटावर घोळ होतो तो कोपऱ्यांवरून. मधल्या घरातून घोड्याला आठ वाटा असतात, कोपऱ्यातून दोनच. मुलं आधी मधे मनसोक्त हुंदडतात आणि कोपरे शेवटासाठी ठेवतात. मग दोन-तीन घरं अशी उरतात, जिथे एकाच बाजूने शिरता येतं. तशी दोन घरं दिसली की फेरी फसायच्या बेतात आहे असं समजावं. यावरचा उपाय १८२३ साली वॉर्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने लिहून ठेवला: पुढच्या उडीसाठी असं घर निवडा, जिथून पुढे सर्वांत कमी वाटा उरतात. नियम साधा आहे आणि बहुतेक वेळा फेरी पुरी करून देतो. पण तो मुलाला सांगू नका, असं मी हात जोडून सांगेन. तो नियम भेटीतला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि तो पोरानेच शोधायचा आहे. महिना लागो, वर्ष लागो. आठ बाय आठच्या पटावर शेवटच्या घरातून परत पहिल्या घरात उडी बसेल अशा बंद फेऱ्याच तेरा लाख कोटींहून अधिक आहेत, त्यामुळे त्याला सापडलेली वाट कुणाची नक्कल असण्याची शक्यता नाही.

याने रेटिंग वाढेल का? लगेच तर नाही. घोडा दोन-तीन उड्यांत कुठे पोहोचेल हे बोटाने न मोजता दिसू लागेल, दुहेरी मारा लवकर ओळखू येईल. ओपनिंग किंवा हत्तीचे अंत यातून सुधारणार नाहीत. आणि समोर खेळायला कुणी हवंच अशा स्वभावाचं मूल असेल तर मावशीने जवळ बसावं: घोडा एकच, उडी एक त्याची, एक तिची. जमलं तर दोघांचं, अडकलं तरी दोघांचं. फक्त मावशीने घड्याळ लावू नये, फेरी पुरी झाल्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये आणि दर रविवारी ‘आठ बाय आठ झालं का रे?’ असं विचारू नये. पुठ्ठे चार महिने कपाटात पडून राहिले, तरी राहू द्यावेत.