भाषांतराची खिडकी किती वेळ उघडी ठेवायची?

हेर्त्सोगेनआउराख म्हटलं की लोकांना आदिदास आणि पुमा आठवतात. इथे नोकरीला आलेल्या मराठी माणसाला मात्र आधी जर्मन पत्रं आठवतात. व्हिसासाठी जिल्हा कार्यालय, टॅक्स, आरोग्य विमा, मुलांचं किंडरगार्टन, सगळं जर्मनमध्ये. मग कुणीतरी सांगतं, "अरे, ब्राउझरमध्ये भाषांतराचं एक्स्टेन्शन टाक की!" दोन क्लिकमध्ये ते बसतंही. मधल्या चौकटीतली ओळ कुणी वाचत नाही: Read and change all your data on all websites. म्हणजे तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान ते वाचू शकतं, बदलूही शकतं. बँकेचंसुद्धा.

ही मागणी म्हणजे लगेच लबाडी नव्हे. पान वाचल्याशिवाय भाषांतर होणार कसं? पण दिलेली परवानगी कशी वापरली जाते, ते आपल्याला दिसत नाही. याचा धडा जर्मनीतच मिळालाय. कुठली साइट सुरक्षित हे सांगणारं 'वेब ऑफ ट्रस्ट' नावाचं एक्स्टेन्शन होतं. त्यातून लोकांनी उघडलेल्या पानांचे पत्ते विकले जातात, हे नोव्हेंबर २०१६मध्ये एनडीआर वाहिनीच्या पत्रकारांनी उघड केलं. त्यांच्या हाती आलेल्या माहितीत सुमारे ३० लाख जर्मन लोकांचे पत्ते होते. नुसत्या पत्त्यांत काय असतं? एका पोलीस अधिकाऱ्याने तपासाचा मजकूर गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकला होता. तिथे टाकलेला मजकूर पानाच्या पत्त्यातच उमटतो, त्यामुळे तोही बाहेर गेला. आपण तिथे काय काय चिकटवतो, आठवून बघा.

म्हणून माझं मत असं, की एक्स्टेन्शन घेण्याआधी ब्राउझरला ते काम स्वतः जमतं का ते पाहावं. क्रोम पानांचं भाषांतर करतो. फायरफॉक्स तर ते तुमच्याच कॉम्प्युटरवर करतो, मजकूर बाहेर पाठवत नाही. तरीही एक्स्टेन्शन हवंच असेल, तर क्रोममध्ये chrome://extensions उघडा, त्याच्या Details मध्ये जा आणि Site access समोर On click निवडा. आता तुम्ही बटण दाबाल तेव्हाच त्याला समोरचं पान दिसेल. बँकेच्या पानावर ते दाबू नका, झालं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एक्स्टेन्शनने नंतर जास्त परवानगी मागितली, तर क्रोम ते बंद करून तुम्हाला विचारतो. पण 'सगळ्या साइट'ची परवानगी आधीच दिली असेल, तर विचारायला काही उरतच नाही. २०२०मध्ये 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते बंद केलं. तोवर ते लाखो ब्राउझरमध्ये होतं.

गावाकडे आई-बाबांच्या लॅपटॉपवरही ही यादी एकदा उघडून बघा. भाच्याने कधीतरी टाकलेलं, आज कुणी वापरत नाही असं काही दिसलं, तर Remove.