मानेच्या गाठीचा फोटो: काय दिसते, काय नाही

कोविडच्या काळात मोबाइलवर फोटो पाठवून सल्ला घेण्याची सवय लागली. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी तिला नियमांची चौकटही मिळाली. मानेच्या गाठीसाठी मात्र फोटो अपुराच. जागा आणि अंदाजे आकार दिसतो; पण गाठ मऊ की टणक, बोटाखाली सरकते की चिकटून बसली आहे, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

समजा, घसा दुखून आठवडा झालेल्या मुलाच्या जबड्याखाली दुखरी, सरकणारी गाठ आली. हे बहुधा अवधाण. दोन ते चार आठवड्यांत ते उतरू लागते, पूर्ण जिरायला कधी जास्त वेळ लागतो. ती सारखी चाचपत बसू नका.

याउलट, गळ्याच्या हाडाच्या वरची गाठ लहान असली तरी डॉक्टरांना लगेच दाखवावी. चार-सहा आठवड्यांनीही न उतरणारी किंवा वाढत जाणारी टणक गाठ आणि सोबत ताप, रात्री घाम, वजनात घट असेल, तरीही तसेच. आपल्याकडे अशा गाठींत टीबी बऱ्याचदा निघतो, म्हणून सुईने घेतलेला नमुना टीबीसाठीही तपासायला सांगावे. लिम्फोमाची शंका असल्यास सुई सहसा पुरत नाही. शक्यतो पूर्ण गाठ काढून बायोप्सी करतात. तोवर परस्पर स्टेरॉइड घेऊ नये: गाठ तात्पुरती बसते आणि निदान लांबते.