परदेशातून आलेल्या रक्त तपासणीच्या फोटोतला उजवा कोपरा कापू नका

वालचंदनगर, जंक्शन, लासुर्णे, कळंब, इंदापूर आणि बारामतीतल्या सर्व कुटुंबांना तातडीची विनंती. ज्यांची मुलं परदेशात आहेत, आणि ज्यांचे आई-बाबा सध्या मुलांकडे राहायला गेले आहेत, त्यांनी हे पूर्ण वाचावं. आजच तुमच्या फोनवर रक्त तपासणीचा फोटो आला असेल, तर आधी हे वाचा आणि मगच कुठल्या गोळीला हात लावा.

तिकडे रक्त तपासलं जातं, कागदाचा किंवा स्क्रीनचा फोटो निघतो आणि तो इकडच्या डॉक्टरांना पाठवला जातो. वर्षानुवर्षांचे डॉक्टर इथले असतात आणि गोळ्याही त्यांनीच ठरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना विचारणं योग्यच आहे. घोटाळा होतो तो फोटो काढताना. आकडा मोठा दिसावा म्हणून फोटो जवळून घेतला जातो आणि उजवीकडचे दोन रकाने बाहेर राहतात. एका रकान्यात एकक असतं, दुसऱ्यात त्या प्रयोगशाळेची संदर्भ मर्यादा. कधी फोटोही नसतो, नुसता निरोप येतो: ‘बाबांची शुगर 62 आली.’

हाच निरोप नीट पाहू. समजा, कारखान्यातून निवृत्त झालेले, मधुमेह असलेले एक काका लेकीकडे इंग्लंडला गेले आहेत. रिपोर्टवरची मूळ ओळ अशी आहे: ‘HbA1c 62 mmol/mol’, आणि पुढे मर्यादा 20–41. ब्रिटनमध्ये 2011 पासून ही तपासणी टक्क्यांत न देता mmol/mol मध्ये देतात. आपल्याकडे ती टक्क्यांत मिळते. हिशोब असा: 62 ला 0.0915 ने गुणायचं आणि 2.15 मिळवायचे. उत्तर येतं साधारण 7.8 टक्के. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली आहे, नियंत्रण थोडं सुटलेलं आहे.

आता एकक आणि तपासणीचं नाव काढून टाका. उरतं ‘शुगर 62’. आपल्याकडे रक्तातली साखर mg/dL मध्ये मोजतात आणि तिथे 70 च्या खाली म्हणजे साखर उतरली. घरातलं कुणी घाबरून म्हणतं, रात्रीची गोळी बंद करा, गोड खायला द्या. ज्याची साखर वाढलेली आहे त्याचीच गोळी बंद होते. आणि हे करणारी माणसं निष्काळजी नसतात, ती जिवाच्या काळजीनेच करत असतात.

उलटंही होतं. त्याच रिपोर्टवर वेगळ्या ओळीत ‘Glucose 7.8 mmol/L’ असू शकतं. इथल्या वाचणाऱ्याला 7.8 म्हटलं की एचबीएवनसीच आठवतं. पण ही त्या क्षणाची साखर आहे. तिला 18 ने गुणलं की 140 mg/dL येते. उपाशीपोटी असेल तर ती जास्त, जेवणानंतर दोन तासांनी असेल तर फारशी काळजीची नाही. म्हणून रक्त कधी घेतलं तेही कळवायला हवं.

माझं स्पष्ट मत आहे की अशक्य वाटणारा आकडा फारसा घात करत नाही. क्रिएटिनिन 106 आलं असं कळलं तर कुठलाही डॉक्टर थांबतो, कारण mg/dL मध्ये 106 असूच शकत नाही. तो एकक विचारतो, ते umol/L निघतं, 88.4 ने भागल्यावर 1.2 येतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. धोका शक्य वाटणाऱ्या आकड्याचा आहे. ड जीवनसत्त्व 50 आलं म्हटलं की आपल्याकडच्या ng/mL च्या सवयीने वाटतं, उत्तम आहे. पण ते nmol/L मध्ये असेल तर 2.5 ने भागून 20 उरतं, म्हणजे अगदी काठावर. अशा आकड्यावर कुणालाच शंका येत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

संदर्भ मर्यादा कशाला, एकक तर सारखंच आहे, असंही काही जण म्हणतात. यकृताच्या तपासणीतलं अल्कलाइन फॉस्फेटेज इथे आणि तिथे दोन्हीकडे U/L मध्येच लिहितात. तरीही मोजण्याची पद्धत आणि यंत्र बदललं की वरची मर्यादा बदलते. तिथला आकडा इथल्या प्रयोगशाळेच्या मर्यादेशी लावला तर निरोगी माणूस आजारी ठरतो, नाहीतर आजारी माणूस निरोगी. मर्यादा वय आणि स्त्री-पुरुष यांवरही ठरते, म्हणून नाव-पत्ता झाकलात तरी वय, लिंग आणि तारीख झाकू नका.

इंग्रजी नसलेल्या देशांतल्या रिपोर्टची गोष्ट आणखी नाजूक आहे. जर्मन रिपोर्टवर ‘Harnstoff’ म्हणजे युरिया आणि ‘Harnsäure’ म्हणजे युरिक अ‍ॅसिड. दोन्हींची सुरुवात सारखी. घाईत दोन्हींना ‘युरिक’ म्हटलं तर युरियाचा साधा 35 हा आकडा युरिक अ‍ॅसिडचा म्हणून वाचला जातो आणि घरात हाहाकार उडतो. तिथे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, 1,2 म्हणजे 1.2, फोटो अस्पष्ट असेल तर तो 12 दिसतो. म्हणून मराठीत समजावून जरूर सांगा, पण मूळ नाव, मूळ आकडा, मूळ एकक आणि मूळ मर्यादा जशीच्या तशी राहू द्या. आपलं रूपांतर शेजारी लिहा, मूळ खोडून त्या जागी नको. आकडा आपल्या एककात आणि मर्यादा त्यांच्या एककात, असा संकर तर कधीच नको.

ड्रॉइंगवरचं माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे पाहिल्याशिवाय वालचंदनगरचा टर्नर लेथवर जॉब लावत नाही. आई-बाबांच्या रिपोर्टला तेवढी तरी शिस्त द्या.

मुलांना आजच कळवा. शक्य असेल तर फोटोऐवजी प्रयोगशाळेची पीडीएफ मागवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. umol आणि mmol यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि किमतीत हजारपटीचा. कागदच असेल तर तो टेबलावर सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्या. चारही कोपरे दिसले पाहिजेत. कागद वाकला की ओळी सरकतात आणि एका तपासणीचा आकडा दुसरीच्या नावासमोर दिसतो. पाठवण्यापूर्वी फोटो मोठा करून शेवटचा रकाना वाचता येतो का ते पाहा. सगळी पानं पाठवा, नुसतं लाल खूण असलेलं नाही. फोनवर सांगावंच लागलं तर पूर्ण ओळ वाचा: नाव, आकडा, एकक, मर्यादा.

आणि इथे फोटो मिळालेल्यांनो, एकक दिसत नसेल तर अंदाज करू नका, पूर्ण फोटो परत मागवा. तो येऊन डॉक्टरांनी पाहीपर्यंत कागदावरच्या आकड्यावरून एकही गोळी कमी, जास्त किंवा बंद करू नका. मात्र माणसाला घाम, थरथर, गुंगी किंवा छातीत दुखणं असं काही होत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता तिथल्याच दवाखान्यात लगेच न्यायला सांगा.