निरोपाची चिठ्ठी

एप्रिल संपत आला की नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव इथल्या बिल्डिंगांखाली टेम्पो दिसू लागतात. कुणाची बदली, कुणाच्या मुलांची शाळा, कुणाचा भाडेकरार संपलेला. गादी, कपाट, तुळशीची कुंडी सगळं वेळेवर खाली उतरतं. शेजाऱ्यांचा निरोप मात्र राहतो शेवटच्या रात्रीवर, आणि मग तो मोबाइलवर दोन मिनिटांत उरकला जातो.

मैत्रिणींनो, असा एक मेसेज गेल्या वर्षी माझ्याकडे आला. नारायणगावात बारा फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये पाच वर्षं राहिलेलं कुटुंब मंचरला चाललं होतं. ताई आमच्या बचत गटातल्या. मेसेज टाइप करून ठेवला होता, शनिवारी रात्री ग्रुपवर टाकायचा आणि रविवारी सकाळी निघायचं असा बेत. "एकदा नजर टाका," म्हणून गुरुवारी मला दाखवला. तो असा होता:

"हाय ऑल, आम्ही उद्या शिफ्ट होतोय मंचरला. गडबडीत सगळ्यांना भेटायला नाही जमलं, सो सॉरी. खूप छान दिवस गेले इथे, खूप मिस करू सगळ्यांना. काही चुकलं असेल तर सॉरी. टचमध्ये राहू. मंचरला आलात की नक्की या. बाय."

यात वाईट काही नाही. मनापासूनच लिहिलेलं आहे. पण हाच मेसेज उचलून दुसऱ्या कुठल्याही बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला तर तिथंही चालेल, आणि इथंच तो कमी पडतो. शिवाय रात्री दहाला "उद्या" म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. ना कुणाला चहाला बोलावता येतं, ना ओटी भरता येते, ना मागचा डबा परत मागता येतो. म्हणून मी पहिलं सांगितलं ते शब्दांबद्दल नव्हतं. म्हटलं, हे शनिवारी नको, आजच जाऊ द्या. आणि "उद्या" काढून वार घाला. "उद्या" हा शब्द दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला फसवतो.

ताईंनी तासाभरात दुसरा मसुदा आणला. आता गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती. "आपणा सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले, त्याबद्दल आम्ही शतशः ऋणी आहोत." मला हसूच आलं. ही भाषा चौकातल्या फ्लेक्सची. रोज जिन्यात "पाणी आलं का हो?" विचारणाऱ्या बाईला एकदम "आपण" म्हटलं की तिला परकं वाटतं. शाळेत पत्रलेखन शिकलो ते अर्ज-विनंतीसाठी ठीक आहे. शेजाऱ्यांना लिहिताना वर "सप्रेम नमस्कार" आणि खाली "लोभ असावा" एवढं जुन्या पत्रातलं घ्यावं, मधला मजकूर आपण बोलतो तसा असावा. "तुम्ही" पुरे.

मग आम्ही ओट्यापाशी बसून एकेक वाक्य धरलं. "खूप छान दिवस गेले." कोणते? ताई आठवू लागल्या. धाकटीला मध्यरात्री ताप चढला तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी गाडी काढली होती. नळाला पाणी येतं त्या वेळी ताई कामावर असल्या तर सहा नंबरच्या वहिनी यांचंही पिंप भरून ठेवत. या दोन गोष्टी लिहिल्या आणि "छान दिवस" आपोआप गळून पडले. पण इथं एक धोका असतो. अकरापैकी दोघांची नावं घेतली की उरलेले नऊ आपलं नाव शोधतात. सगळ्यांची यादी केली तर ते लग्नपत्रिकेतलं निमंत्रकांचं पान होतं. आम्ही उपाय असा काढला की नाव न घेता फक्त प्रसंग लिहायचे. ज्यानं केलं त्याला कळतं, बाकीच्यांनाही ते आपल्या बिल्डिंगचं वाटतं. ज्यांचे उपकार मोठे, त्यांच्या दारात जाऊन वेगळं बोलायचं.

आता देण्याघेण्याचं. भावनेच्या पत्रात हिशेब कशाला, असं बायकांना वाटतं. उलट निरोपानंतर कटुता येते ती यावरूनच. कुणाची पातेली, इडलीपात्र, हळदीकुंकवाला नेलेली ताटं, उसना भरलेला सिलिंडर. मागायला संकोच वाटतो आणि टेम्पो गेल्यावर मनात राहतं. म्हणून चिठ्ठीत एक ठराविक वेळ द्यावी, त्या वेळात दार उघडं ठेवावं आणि आपल्याकडे सापडलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू दाराशी मांडून ठेवाव्यात. जिन्याची सफाई आणि जिन्यातल्या दिव्याचं बिल कोणत्या महिन्यापर्यंत भरलं तेही एका ओळीत लिहावं. घरमालकाकडच्या डिपॉझिटचं मात्र या पत्रात अक्षरही नको. ते तुमच्यात आणि मालकात.

ताईंची भिशीही होती. दहा जणी, महिना हजार. ताईंनी चौथ्या महिन्यातच दहा हजार उचलले होते. सात हप्ते भरून झाले, तीन राहिले. भिशी उचललेली बाई गाव सोडते म्हटल्यावर बाकीच्या नऊ जणींच्या मनात काय येतं ते उघड बोललं जात नाही, पण येतं. हा विषय बारा फ्लॅटच्या ग्रुपचा नाही, कारण तिथे पुरुषमाणसं आहेत, पेपरवाला आहे, जुने भाडेकरूही आहेत. ताईंनी त्याच संध्याकाळी भिशीच्या बायकांना वेगळा निरोप दिला: "राहिलेले तीन हप्ते, तीन हजार, दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवरून पाठवीन. एखादी तारीख चुकली तर सरळ फोन करा." दोघींचा लगेच "बरं झालं सांगितलं" असा जबाब आला.

याच कारणानं नवीन घराचा पूर्ण पत्ता ग्रुपवर टाकू नये, फ्लॅट किती दिवस रिकामा राहणार तेही लिहू नये. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे आपल्यालाही धड माहीत नसतं. ज्याला पत्ता हवा त्याला फोनवर सांगता येतो.

सगळ्यात अवघड वाक्य होतं "काही चुकलं असेल तर सॉरी." समोरच्या फ्लॅटशी चपलांच्या रॅकवरून भांडण झालेलं, आठ महिने बोलणं बंद. हे वाक्य दहा घरं शिष्टाचार म्हणून वाचणार आणि एक घर टोमणा म्हणून. माझं मत असं, की सगळ्यांची मिळून मागितलेली माफी कुणालाच पोचत नाही. आम्ही ते वाक्य काढलं. ताई शुक्रवारी समोरचं दार वाजवून म्हणाल्या, "वहिनी, रविवारी निघतोय. रॅकवरून मी तुमच्या मुलांसमोर बोलले, ते बोलायला नको होतं." रॅक कुणाचा, जागा कुणाची, तो वाद पुन्हा काढला नाही. वहिनी "असू दे" म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत. तेवढंच झालं.

शेवटी "बाय". आपल्याकडे घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. लहानपणी "जाते" म्हटलं की आजी दटावायची. वार सांगताना जातोय म्हणावंच लागतं, पण निरोपाचा शब्द "येतो" असावा. आणि "आलात की नक्की या" या आमंत्रणाला काही अर्थ नाही. नारायणगावहून मंचर काही लांब नाही, म्हणून तर कुणी मुद्दाम जात नाही. तारीख घातली की आमंत्रण खरं होतं.

तयार झालेली चिठ्ठी अशी:

"सप्रेम नमस्कार,
आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे, आठ नंबरचे. यांची बदली झाल्यामुळे येत्या रविवारी सकाळी मंचरला राहायला जात आहोत. इथं पाच वर्षं झाली. मध्यरात्री लेकीला दवाखान्यात न्यायला गाडी निघाली ती याच बिल्डिंगमधून, आणि मी कामावर असताना आमचं पिंप भरलेलं असायचं तेही इथंच. हे आम्ही विसरणार नाही.
शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ आम्ही घरी आहोत. चहाला या. तुमचे तीन डबे आणि एक परात आमच्याकडे सापडली आहे, दाराशी ठेवते. आणखी काही राहिलं असेल तर तेव्हाच सांगा. जिन्याची सफाई आणि दिव्याचे पैसे या महिनाअखेरपर्यंत भरले आहेत. आमच्या नावाचं कुरिअर आलं तर घेण्याआधी फोन करा, नंबर तोच आहे.
घर लागलं की पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी सगळ्यांनी मंचरला यायचं आहे. पत्ता फोनवर सांगते.
येतो. लोभ असावा."

खाली नवराबायको दोघांची नावं. एकट्या बाईचं नाव असलं की "साहेब काही बोलले नाहीत" असं होतं, म्हणून.

ग्रुपवर हे गेलं, पण तळमजल्यावरच्या आजींकडे साधा बटणांचा फोन. बिल्डिंगमधली प्रत्येक बातमी त्यांना सगळ्यात शेवटी कळते. ताईंनी त्यांच्यासाठी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात तीच चिठ्ठी लिहिली आणि स्वतः नेऊन दिली. आजींचं घर डिंभे धरणात गेलेलं. जुनं आंबेगाव गावही त्याच पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं राहिलं आणि कचेरी घोडेगावला. चिठ्ठी दोनदा वाचून आजी म्हणाल्या, "आम्ही उठलो तेव्हा निरोप द्यायला मागं कुणी नव्हतंच गं. सगळेच निघालो होतो." मग त्यांनी ताईंना कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली.

एक राहिलं. टेम्पो हलला की लगेच ग्रुपमधून बाहेर पडायची घाई करू नये. ग्रुप सोडल्याचं ॲडमिनला कळतं, ते उगाच रागावून गेल्यासारखं दिसतं आणि काही कामं मागाहून निघतातच. ताई महिनाअखेरपर्यंत थांबल्या. तेवढ्यात त्यांच्या नावाची दोन कुरिअर आली, आणि पाच नंबरच्या काकूंचा पितळी डबा मंचरच्या पसाऱ्यात सापडला. दुसऱ्या रविवारी सहा घरं जेवायला गेली, तेव्हा काकू तो घेऊन आल्या. समोरच्या वहिनी गेल्या नव्हत्या, पण त्यांची मुलगी गेली होती.