स्वतःची फिरकी घ्यावी, पण कुठे?

माझी भाची इंदूरहून वडोदऱ्याला अकाउंट्सच्या नोकरीत रुजू होणार होती. ओळखीच्या मेलसाठी तिनं लिहिलं होतं, "आकड्यांशी माझं जन्माचं वैर!" मी म्हटलं, "अगं, पहिली बेरीज चुकली की सगळ्यांना हेच आठवेल."

१९६६ साली एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला होता. प्रश्नमंजूषेत ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्यानं अंगावर कॉफी सांडली, तेव्हा टेप ऐकणाऱ्यांना तो जास्तच आवडला. ३० टक्केवाल्यानं तीच सांडली, तर तो आणखी नावडता झाला. नव्या ऑफिसात आपले टक्के अजून कुणालाच ठाऊक नसतात, म्हणून कामावरचा विनोद महागात पडतो. (दिसण्यावरचाही नको. समोरच्याला हसावं की नाही, कळत नाही.)

मग तिनं लिहिलं, "तीन वर्षं जीएसटीची विवरणपत्रं भरली आहेत. रस्ते मात्र लक्षात राहत नाहीत. कॅन्टीन शोधत जिन्यात उभी दिसले, तर सोबत घेऊन जा."

पहिल्याच दुपारी दोघीजणी तिला जेवायला न्यायला आल्या.