न्यू जर्सीला दशलक्षणानंतर

लेकीकडे न्यू जर्सीला जायचं, तर मे-जूनचाच हट्ट कशाला? सुट्ट्यांमुळे तेव्हा भाडं चढलेलं असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथल्या शाळा उघडतात आणि गर्दी ओसरते. हवा मात्र छान, दिवसा वीसेक अंश. संध्याकाळी एक स्वेटर पुरतो. मे महिन्यात सव्वा लाख सांगितलेलं जाण्या-येण्याचं तिकीट मला अनंत चतुर्दशीनंतर नव्वद हजारांत मिळालं. शिवाय दशलक्षण घरीच झालं.

परतीची तारीखही तितकीच जपून निवडा. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिकडून भारतात येणाऱ्यांची झुंबड उडते आणि वाचवलेले पैसे परतीच्या भाड्यात जातात. म्हणून दसऱ्याच्या आत घरी यावं. तीन आठवडे नातवंडांना पुरतातच!